अमेरिका आणि दक्षिण आफ्रिका: तुलना कुठे धरायची

प्रश्न: बारावीला इतिहासाचा मोठा निबंध आहे: अमेरिकेतला वंशभेद, दक्षिण आफ्रिकेतलं अपार्थेड आणि ते संपवणाऱ्या चळवळी. मी अर्धा निबंध एकावर, अर्धा दुसऱ्यावर लिहिला. बाई म्हणाल्या, हे दोन निबंध झाले, तुलना नाही. साम्य-भेदांचा तक्ताही केला, पण त्यातून काही निघत नाही. काय करू?

उत्तर:

तक्ता बाजूला ठेव. दोन्ही देशांना एकच प्रश्न विचार: अन्याय झालेल्या माणसाला दाद मागायला सरकारच्या वर कुणी होतं का? अमेरिकेत होतं, दक्षिण आफ्रिकेत नव्हतं. दोन्ही चळवळींच्या वाटा का वेगळ्या झाल्या, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हे दाखवायला जवळजवळ एकाच वेळी झालेले दोन बस-बहिष्कार घे. इतकी जुळणारी जोडी या विषयात दुसरी मिळणार नाही.

पहिला अलाबामातल्या मॉन्टगोमेरीचा. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि चार दिवसांनी बहिष्कार सुरू झाला. सुरुवातीच्या मागण्या वाचल्यास तर आश्चर्य वाटेल. वेगळी आसनं रद्द करा असं त्यात नव्हतंच. गोऱ्यांनी पुढून आणि काळ्यांनी मागून बसत यावं, बसलेल्याला उठवू नये, चालकांनी नीट वागावं, काळ्या वस्त्यांच्या मार्गांवर काळे चालक नेमावेत, एवढंच. शहराने तेही नाकारलं. जानेवारीच्या अखेरीस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी काही काळ्या महिलांच्या नावाने केंद्रीय न्यायालयात दावा दाखल झाला आणि मागणी बदलली: बसमधला भेद हाच, कायद्यापुढे सर्वांना समान मानणाऱ्या, संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीविरुद्ध आहे.

आता १३ नोव्हेंबर १९५६ हा दिवस नीट लिही. त्या दिवशी किंग स्थानिक न्यायालयात बसले होते, कारण बहिष्कार टिकवणारी मोटारींची पर्यायी व्यवस्था बंद करावी असा शहराचा अर्ज तिथे सुनावणीला होता. तो मंजूर झाला. मोटारी बंद झाल्यावर आणखी किती दिवस लोक पायी चालले असते, सांगता येत नाही. पण त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेद घटनाबाह्य ठरवणारा त्या केंद्रीय न्यायालयाचा निकाल कायम केल्याची बातमी आली. स्थानिक सत्ता चळवळीचा गळा आवळत होती आणि त्या सत्तेच्या वरची सत्ता तो हात रोखत होती. डिसेंबरमध्ये लेखी आदेश पोचला आणि ३८१ दिवसांनी लोक बसमध्ये हवं तिथे बसले.

दुसरा बहिष्कार जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्राचा. जानेवारी १९५७ मध्ये बसभाडं चार पेनींवरून पाच पेनी झालं आणि हजारो कामगार शहरापर्यंत पायी जायला लागले. जाताना साधारण पंधरा किलोमीटर, येताना तेवढंच. काळ्यांना शहरात वावरायला ओळखीचा पास सक्तीने बाळगावा लागे; पोलीस वाटेत तो तपासून त्यांना पकडत, त्यांना गाडीत घेणाऱ्यांनाही अडवत. तरी बहिष्कार एप्रिलपर्यंत टिकला आणि जुनं भाडं परत मिळालं. पण कशामुळे? सरकार शेवटपर्यंत ताठर राहिलं. कामगार थकून कामावर येतात म्हणून अस्वस्थ झालेल्या जोहान्सबर्गच्या व्यापाऱ्यांनी फरकाचे पैसे भरायची तयारी दाखवली. पुढे त्या वर्षी मालकांकडून त्यासाठी कर घेणारा कायदाही झाला. पास, वेगळ्या वस्त्या, वेगळ्या बस, सगळं होतं तसंच राहिलं.

अलेक्झांड्राचे लोक न्यायालयात का गेले नाहीत, हा प्रश्न परीक्षकाच्या मनात येईल, म्हणून उत्तर आधीच दे: तिथे न्यायालयाने अडवलं तरी सरकार त्याला वळसा घालू शकत होतं. त्याचं उदाहरण मताधिकाराच्या खटल्यात मिळेल. केप प्रांतातल्या मिश्रवंशीय मतदारांचा हक्क १९०९ च्या कायद्याने सुरक्षित होता. तो बदलायला दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश मतं लागत. अपार्थेड राबवणाऱ्या नॅशनल पार्टीच्या सरकारने १९५१ मध्ये साध्या बहुमताने त्यांना वेगळ्या मतदार यादीत टाकलं. सर्वोच्च अपील न्यायालयाने १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. मग संसदेने स्वतःलाच उच्च न्यायालय म्हणून घोषित केलं. न्यायालयाने तेही रद्द केलं. तेव्हा सरकारने अशा खटल्यांसाठी न्यायाधीशांची संख्या अकरा केली, सिनेट ४८ वरून ८९ जागांचं केलं आणि दोन तृतीयांश मतं तयार केली. न्यायालयाने अखेर हे मान्य केलं नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे मॉन्टगोमेरीचा निकाल लागला त्याच महिन्यात. दोन देशांतले हे दोन निकाल शेजारी ठेवलेस की वेगळं विश्लेषण फारसं लागणार नाही. आणि ही वागणूक ज्यांना मत होतं त्यांना मिळाली. बहुसंख्य काळ्या आफ्रिकनांना तर तेवढाही आधार नव्हता.

याच्या मागे लोकसंख्या आहे, तिला एक परिच्छेद दे. अमेरिकेत काळे नागरिक साधारण दहा टक्के होते. त्यांना हक्क दिल्याने देशाचं सरकार कुणाचं हे बदलणार नव्हतं, म्हणून वॉशिंग्टनला दक्षिणेतल्या राज्यांना वाकवणं परवडलं. दक्षिण आफ्रिकेत गोरे साधारण एक पंचमांश होते. तिथे समान मताधिकार म्हणजे सरळ सत्तांतर. म्हणून १९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी ६९ जणांना ठार मारल्यावर सरकारने माघार घेतली नाही, उलट काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी घातली. पुढच्या वर्षी मंडेलांच्या नेतृत्वाखाली सशस्त्र लढा का सुरू झाला, हे इथेच जोड. मंडेला कठोर आणि किंग सौम्य होते असा स्वभावाचा मुद्दा कृपा करून करू नकोस. दाद मागायची दारं बंद झाल्यावरचा तो निर्णय होता.

अलेक्झांड्रात व्यापारी का वाकले, हा धागा पुढे ने. जुलमी व्यवस्थेला काळ्या कामगारांचे श्रम हवेच होते, आणि शेवटी चळवळीची ताकद तिथेच सापडली: १९७३ चे डर्बनमधले संप, १९८५ मध्ये उभी राहिलेली कोसाटू ही कामगार संघटना, वस्त्यांमधला उठाव, आणि त्याच वर्षी परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवायला दिलेला नकार. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष द क्लर्क यांनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवरची बंदी उठवली, १९९४ मध्ये सर्वांनी मतदान केलं. अमेरिकेत आधीच असलेल्या संविधानाची अंमलबजावणी मागायची होती. दक्षिण आफ्रिकेत संविधानच नवं लिहावं लागलं.

गांधीजींचा उल्लेख करायचा मोह होईल म्हणून सांगते: दक्षिण आफ्रिकेतला त्यांचा लढा मुख्यतः तिथल्या भारतीयांच्या हक्कांसाठी होता. एका वाक्यापेक्षा जास्त जागा देऊ नकोस, नाहीतर निबंध भलतीकडे जाईल.

या मांडणीची कमजोर बाजूही लिहावी लागेल. अमेरिकेतला निकाल आपोआप अमलात आला नाही. शाळांमधला भेद १९५४ मध्येच घटनाबाह्य ठरला, पण १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना पोचवायला राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं. दहा वर्षांनीही दक्षिणेत गोऱ्यांबरोबर शिकणारी काळी मुलं शंभरात जेमतेम एखाद-दुसरी होती. न्यायालयाने दार दाखवलं, पण अलाबामातल्या बर्मिंगहॅम आणि सेल्मातल्या निदर्शकांनी मार खाल्ल्यावरच १९६४ चा नागरी हक्कांचा आणि १९६५ चा मताधिकाराचा कायदा झाला. हा परिच्छेद समारोपाच्या लगेच आधी टाक, आणि त्यात रस्त्यावरच्या चळवळीला न्यायालयाइतकीच जागा दे.