बाळाच्या टाचेची शुगर दूध पाजण्याआधी बघायची की नंतर?

प्रश्न: आम्ही निपाणीजवळचे. वहिनीला सातव्या महिन्यापासून शुगर होती, दिवस भरून सिझर झालं, मुलगा 3 किलो 900 ग्रॅम. पहिल्यांदा दूध पाजल्यावर अर्ध्या तासाने टाच टोचली तर 34 आली. आता मात्र दर वेळी पाजायच्या आधी टोचतात. नक्की केव्हा बघायची असते? आणि बाळालाही डायबेटिस झालाय का?

उत्तर: सिस्टरांचं दोन्ही वेळचं बरोबर आहे. आणि नाही, बाळाला डायबेटिस झालेला नाही. डायबेटिसमध्ये इन्सुलिन कमी पडतं. तुमच्या बाळाच्या अंगात ते सध्या गरजेपेक्षा जास्त आहे.

वहिनींच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जात होती. त्यांचं इन्सुलिन मात्र वार ओलांडत नाही. त्यामुळे ती साखर जिरवायला बाळाचं स्वादुपिंड पोटातच भरपूर इन्सुलिन तयार करत होतं, आणि वजन वाढलं तेही बहुधा त्यातूनच. नाळ कापली की साखरेचा पुरवठा त्या क्षणी थांबतो, इन्सुलिन मात्र तसंच राहतं. जन्मानंतरच्या एक-दोन तासांत प्रत्येकच बाळाची शुगर खाली येते आणि मग लिव्हरमधल्या साठ्यावर आपोआप वर चढते. अशा बाळात इन्सुलिन तिला लवकर चढू देत नाही, म्हणून टाच टोचून लक्ष ठेवावं लागतं. कमी वजनाच्या किंवा दिवस न भरलेल्या बाळांचं कारण वेगळं असतं. त्यांच्याकडे साठाच तुटपुंजा असतो, त्यामुळे त्यांना जास्त काळ, निदान पहिले 24 तास, तपासत राहतात. दिवस भरलेल्या, नेमक्या वजनाच्या, नीट पिणाऱ्या आणि आईला शुगर नसलेल्या बाळाला उगाच टोचायचं कारण नाही.

आता वेळेचं. पहिलं दूध जन्मानंतर तासाभरात द्यायचं आणि त्यानंतर 30 मिनिटांनी टाच टोचायची, म्हणजे घसरणीच्या काळात दुधाचा आधार मिळूनही बाळ कुठे आहे ते कळतं. पुढे दर दोन-तीन तासांनी पाजतात, आणि तेव्हा मोजणी पाजण्याआधी करतात. दोन दुधांच्या मधला सर्वांत खालचा आकडा तोच. पाजल्यावर लगेच मोजलं तर आकडा चांगला दिसेल, पण बाळ पुढचे दोन-तीन तास स्वतःच्या जोरावर तग धरतं की नाही ते त्यातून कळणार नाही. तिसरी वेळ म्हणजे आकडा कमी आला तर पाजून तासाभराने पुन्हा बघणं. ही मोजणी पुढच्या दुधापर्यंत ढकलायची नसते.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेचा 2011चा तक्ता बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यावर तुमच्या बाळाचे आकडे बसवून बघू. पहिल्या चार तासांत 25च्या खाली आलं तर पाजून तासाभराने परत बघायचं, आणि तरीही 25च्या खालीच राहिलं तर सलाईन. 25 ते 40मध्ये असेल तर पुन्हा पाजायचं, सलाईनचा निर्णय डॉक्टर बाळाकडे बघून घेतात. तुमचे 34 इथे बसतात. चार तासांनंतर पट्टी वर सरकते: 35च्या खाली आलं तर पाजून तासाभराने परत, 35 ते 45ला पुन्हा पाजणं. समजा सहाव्या तासाला पाजण्याआधी 41 आले, पाजल्यावर तासाने 50, आणि पुढच्या दुधांआधी 52, 56, 58, तर बाळ सावरलं. सहाव्या तासाला 31 आणि पाजूनही तासाने 30 राहिले, तर 10 टक्के डेक्स्ट्रोज किलोला 2 मिली, म्हणजे या बाळाला 7.8 मिली, शिरेतून देतात. त्यापाठोपाठ ड्रिप दिवसाला किलोमागे 80 मिलीने, म्हणजे तासाला 13 मिली, चालू ठेवतात. नुसता पहिला डोस देऊन थांबलं तर इन्सुलिन ती साखर खाऊन टाकतं आणि आकडा परत कोसळतो. काही दवाखाने पहिल्या दिवशी 40 धरतात, काही 45. वेगवेगळं ऐकलंत म्हणून घाबरू नका, त्या वॉर्डातला तक्ता कोणता ते विचारा.

हे आकडे बाळ व्यवस्थित दिसत असेल तेव्हाचे. बाळ थरथरत असेल, सुस्त असेल, ओढून पीत नसेल, रडणं क्षीण झालं असेल, मध्येच श्वास थांबत असेल, निळं पडत असेल किंवा झटके येत असतील आणि शुगरही कमी असेल, तर पाजून वाट बघत नाहीत, थेट शिरेतून देतात. थरथर आणि झटका ओळखायचा तर हात हलकेच धरून बघा: थरथर धरल्यावर थांबते, झटका थांबत नाही.

टाच टोचण्यातही आकडा बिघडतो. टाच आधी कोमट कपड्याने उबदार करायची, स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, आणि टाचेच्या मधोमध नव्हे तर तळव्याकडच्या कडेला टोचायचं. मधोमध हाड जवळ असतं. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा. थंड टाच पिळून काढलेल्या थेंबात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही. बोटांना गूळ-साखर लागलेली असताना बाळाची टाच धरली तर आकडा खोटा वाढतो, आणि ही चूक जास्त घातक, कारण खरी कमी शुगर झाकली जाते. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात स्ट्रिपची डबी उघडी राहिली की स्ट्रिप ओल धरतात, तेही लक्षात असू द्या.

ग्लुकोमीटर कमी आकड्यांच्या पट्ट्यात 10 ते 20ने चुकू शकतो. नवजात बाळाचं रक्त घट्ट असतं, त्यामुळेही तो थोडं कमी दाखवतो. म्हणून खूप कमी आकडा आला की शिरेचं रक्त लॅबला पाठवतात. ते फ्लोराइडच्या, राखाडी झाकणाच्या बाटलीत जायला हवं. साध्या बाटलीत तास-दीड तास पडून राहिलं तर रक्तातल्या पेशीच साखर खातात आणि रिपोर्ट उगाच कमी येतो. रिपोर्टसाठी उपचार मात्र थांबवत नाहीत.

तुमच्या हातात आहे ते पाजणं. बाळाला वहिनींच्या उघड्या छातीवर ठेवा, वर चादर घाला. गार पडलेलं बाळ साखर लवकर संपवतं. सिझरमुळे चीक कमी येत असेल तर हाताने काढून वाटी-चमच्याने द्या; पहिल्या दिवशी एका वेळी पाच-सात मिली एवढाच येतो, त्यात काळजीचं काही नाही. शुगर कमी असतानाच चीक पुरत नसेल तर वरचं दूध किती द्यायचं ते डॉक्टर सांगतील. आजीबाई साखरपाणी किंवा मध चाटवायला पुढे येतील, त्यांना अडवा. साखरपाण्याने आकडा झटकन चढतो, त्यावर इन्सुलिन आणखी सुटतं आणि शुगर परत खाली येते. मधातून तर लहान बाळाला बोटुलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो.

आईला शुगर असलेल्या बाळाचे आकडे बहुधा पहिल्या दिवसातच स्थिरावतात. 48 तासांनंतरही पाजण्याआधीचा आकडा 60च्या वर टिकत नसेल तर कारण वेगळं असू शकतं. मग शुगर खाली असतानाच रक्त घेऊन इन्सुलिन, कॉर्टिसॉल आणि कीटोन तपासतात. त्यासाठी बेळगावला पाठवायची वेळ आली तर निघण्याआधी बाळाला पाजा (ड्रिप चालू असेल तर ती वाटेत बंद पडू देऊ नका), आणि सगळे आकडे वेळेसकट, प्रत्येक आकडा दुधाआधीचा की नंतरचा ते लिहून, ताई कार्डासोबत घ्या.