वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या अर्जपत्रात आर्थिक गरज आणि पुढील शिक्षण कसे मांडावे?

प्रश्न : मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सीए फाउंडेशन दुसऱ्या प्रयत्नात पास झाले आहे. एका ट्रस्टने शिष्यवृत्तीसाठी एक पानाचे पत्र मागितले आहे. घरची परिस्थिती आणि पुढचे ध्येय कसे लिहू? नापास झाल्याचे लिहावे का?

उत्तर :

तालुक्याच्या गावातील एका लहान शैक्षणिक ट्रस्टच्या निवड समितीवर मी काही वर्षे होतो, त्यामुळे अशी पत्रे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने वाचली आहेत. बहुतेक पत्रांची सुरुवात ‘आमच्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे’ अशी असते. ते खरेही असते, पण त्या वाक्यावरून किती रुपये द्यायचे आणि ते कशासाठी, हे समितीला ठरवता येत नाही. तुम्ही वाणिज्य शाखेच्या आहात. जमाखर्च मांडून तूट दाखवणे हे तुमचेच काम आहे, आणि पत्रात ते दिसले तर गुणपत्रिकेइतकेच बोलके ठरते.

माझ्या लक्षात राहिलेले एक पत्र तुमच्यासारख्याच एका विद्यार्थिनीचे होते. वडिलांचे शिवणकामाचे दुकान, आई घरोघरी पोळ्या करणारी. ‘दुकानाचे भाडे व दोरा-अस्तराचा खर्च वजा जाता वडिलांना महिन्याला सरासरी १४,००० रुपये उरतात आणि आईला ४,००० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाचे २,१६,००० रुपये’, असे तिने लिहिले होते. यातील ‘वजा जाता’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. छोट्या दुकानदारांची मुले पुष्कळदा गल्ल्यात आलेली रक्कमच उत्पन्न म्हणून लिहितात आणि स्वतःचे नुकसान करून घेतात. त्यापुढे तिने घरखर्च दिला होता: घरभाडे ५४,०००, किराणा-गॅस-वीज ९६,०००, आजीची औषधे १२,०००, भावाची शाळा १४,००० आणि शिलाई मशीनसाठी पतसंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचे हप्ते २४,०००. एकूण २,००,०००. शिल्लक १६,०००.

स्वतःच्या शिक्षणाचा वर्षाचा खर्च तिने ५६,००० दाखवला होता. त्यात कॉलेजची फी, एसटीचा पास आणि पुस्तके मिळून १८,००० होते, तर सीए इंटरमिजिएटची नोंदणी आणि एका ग्रुपचे रेकॉर्डेड क्लास मिळून ३८,०००. घरची शिल्लक वजा केली की तूट ४०,००० रुपयांची. शेजारच्या मुलांच्या शिकवणीतून ती वर्षाला १२,००० मिळवत होती, तेही तिने वजा केले आणि मागणी केली २८,००० रुपयांची. गोल पन्नास हजार मागणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यात तो आकडा उठून दिसला, कारण तो कुठून आला हे आम्हाला स्वतः तपासता येत होते.

तुमच्या पत्राचे पहिले वाक्य याच आकड्यापासून सुरू करा. ‘मी बी.कॉम. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून सीए इंटरमिजिएटच्या नोंदणीसाठी व पहिल्या ग्रुपच्या तयारीसाठी मला २८,००० रुपयांच्या साहाय्याची आवश्यकता आहे’, एवढे पुरे. ‘सविनय सादर’ आणि ‘महोदय’ यांच्यापुढे आणखी नम्रता लागत नाही.

एका ठिकाणी मात्र चांगले अर्जही अडकतात. तहसील कार्यालयाच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरील आकडा आणि पत्रातील आकडा जुळत नाही. वर सांगितलेल्या विद्यार्थिनीच्या दाखल्यावर १,६०,००० रुपये होते, पत्रात २,१६,०००. वरवर पाहता ही लपवाछपवी वाटते. प्रत्यक्षात दाखला मागील आर्थिक वर्षाचा होता आणि आईने काम धरले ते यंदाच्या एप्रिलपासून. तिने हे एका वाक्यात आधीच लिहून ठेवल्यामुळे आमचा प्रश्नच उरला नाही. दाखल्याशी जुळावे म्हणून आकडा कमी करून लिहू नका. घरभेटीला आलेला माणूस पहिला प्रश्न आईच्या कामाविषयीच विचारतो. महाडीबीटीवर किंवा अन्य कुठे अर्ज केला असेल, तर तो मंजूर व्हायचा असला तरी त्याचा उल्लेख करा.

आता नापास होण्याविषयी. जरूर लिहा, पण दोन वाक्यांत आणि गुणांसह. फाउंडेशनला प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि चार पेपर मिळून ५० टक्के, म्हणजे ४०० पैकी २०० गुण लागतात, हे समितीतील सर्वांना ठाऊक असेलच असे नाही. त्या विद्यार्थिनीला पहिल्या वेळी चारही पेपरांत चाळिशीच्या वर गुण होते, पण बेरीज १९८ आली. वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो आणि तिने गणिताच्या पेपरात अंदाजाने बरीच उत्तरे भरली होती, हे कारण तिने सरळ लिहिले आणि पुढच्या प्रयत्नातील २३१ गुण लगेच खाली दिले. ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ हे कारण आम्ही इतक्या वेळा वाचत असू की खऱ्या आजारी मुलांवरही अन्याय होत असे.

ध्येयाच्या परिच्छेदात ‘यशस्वी सीए होऊन समाजाची सेवा करायची आहे’ असे लिहून जागा घालवू नका. समितीला हवा असतो पुढील दोन-तीन वर्षांचा तारखांसह आराखडा, आणि सीएच्या बाबतीत तारखांचा थेट संबंध पैशाशी आहे. इंटरमिजिएटची परीक्षा आता जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा होते आणि नोंदणीनंतर आठ महिने अभ्यासाचा काळ जावा लागतो. सप्टेंबरला बसायचे तर १ जानेवारीपर्यंत नोंदणी व्हायला हवी. शिष्यवृत्तीचा धनादेश फेब्रुवारीत हाती आला, तर परीक्षा थेट पुढच्या जानेवारीवर जाते. अनेक ट्रस्टींना हे माहीत नसते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जूनमध्ये भरायची कॉलेजची फी असते. म्हणून असे लिहा: ‘१ जानेवारीपूर्वी नोंदणी झाल्यास मी सप्टेंबरमध्ये पहिल्या ग्रुपची परीक्षा देऊ शकेन, रक्कम डिसेंबरमध्ये मिळाल्यास, किंवा नोंदणीपुरती रक्कम आधी मिळाल्यास, माझे चार महिने वाचतील.’

मदत किती काळ लागेल, हेही सांगा. दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप सुरू होते आणि तीत विद्यावेतन मिळते. ते फार नसते, पण प्रवास आणि पुस्तके त्यातून भागू शकतात. तेव्हा आर्टिकलशिप सुरू झाल्यावर आपली मागणी कमी होईल किंवा थांबेल, असे लिहिणारा अर्ज समितीला पुढच्या वर्षाची तरतूद करायला सोपा जातो. एखादा ग्रुप राहिला तर काय कराल, तेही एका ओळीत असू द्या.

पत्रातील शक्य तितक्या आकड्यांमागे एक कागद जोडा: फीची पावती, क्लासचे दरपत्रक, पतसंस्थेच्या पासबुकाच्या पानाची प्रत, औषधांची बिले. शिकवणीच्या किंवा आईच्या कामाच्या पैशांना पावती नसते. तिथे ‘याची लेखी नोंद नाही’ असे स्पष्ट लिहून ज्यांच्याकडे काम आहे त्यांच्यापैकी एकाची स्वाक्षरी असलेली चार ओळींची चिठ्ठी जोडली, तर आमची समिती ती मान्य करत असे.