मिरजेचा ज आणि तक्त्यातलं रिकामं घर

प्रश्न : मुलीच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकात व्यंजनांचा आंतरराष्ट्रीय तक्ता आहे. त्यात तालव्य रकान्यात c दिसतो. तोच आपला च ना? मग 'मिरज'मधला ज त्यात कुठे शोधायचा? आम्हाला शाळेत त्याला दंततालव्य म्हणायला शिकवलं होतं. (एक वाचक, तासगाव)

नव्हे. तो c म्हणजे आपला च नव्हेच. जिभेचा मधला भाग कठोर टाळूला घट्ट टेकवून, 'क्य' आणि 'त्य' यांच्या अधलामधला जो ध्वनी एकदम सुटतो, तो c. मराठीत तो नाही. अक्षराच्या आकारावर जाऊन तक्ता वाचला की हा घोटाळा होणारच. तक्ता घरावरून वाचायचा, अक्षरावरून नाही.

घर ठरतं दोन गोष्टींनी. तोंडात अडवणूक कुठे झाली हे स्थान, आणि किती व कशी झाली हा प्रयत्न. ही जोडी आपल्याला नवी नाही. पाणिनीचं सूत्र आहे : तुल्यास्यप्रयत्नं सवर्णम्. मुखातलं स्थान आणि प्रयत्न ही दोन्ही सारखी असली तर ते वर्ण सवर्ण. तक्त्याच्या दोन बाजू याच. फक्त आपली वर्णमाला कंठापासून, म्हणजे क वर्गापासून निघते आणि ओठांशी, प वर्गाशी येऊन थांबते, आणि एका स्थानाची अक्षरं एका आडव्या ओळीत मांडते. आंतरराष्ट्रीय तक्ता ओठांपासून निघतो, उजवीकडे कंठाकडे जातो, आणि स्थान उभ्या रकान्यात ठेवतो. म्हणजे आपला तक्ता उलटा करून आडव्याचा उभा केला की तो झाला. आडव्या ओळी प्रयत्नाच्या. सगळ्यात वर स्पर्श, जिथे वाट पूर्ण बंद होते. त्याखाली अनुनासिकं वगैरे, आणि आणखी खाली घर्षक, जिथे वाट अरुंद राहते आणि हवा घासत जाते : स, श यांतल्यासारखी. एका घरात दोन अक्षरं असली तर डावं अघोष, म्हणजे म्हणताना गळ्यात कंप नसलेलं, उजवं घोष, म्हणजे कंप असलेलं. महाप्राणांना वेगळं घर नाही. अक्षराच्या उजव्या खांद्यावर छोटा h लावतात, की झाला थ, झाला ठ.

आता आपला च. तो मुख्य तक्त्यात कुठेच सापडणार नाही, कारण तो एका ओळीत मावत नाही. त्याची सुरुवात स्पर्शाची, शेवट घर्षकाचा. वाट आधी पूर्ण बंद होते आणि मग एकदम न उघडता घासत उघडते. म्हणून तो दोन अक्षरं जोडून लिहितात, आणि वाचतानाही बोट दोनदा ठेवावं लागतं, एकदा वरच्या ओळीत, एकदा खाली. 'मिरज'मधला ज म्हणजे dz : बंद द सारखा, सुटणं घोष स सारखं. 'चोर'मधला च म्हणजे ts. 'चिमणी'तल्या च मध्ये सुटताना s च्या जागी श येतो, आणि त्या श ची खूण ɕ मुख्य तक्त्यात नाही, खाली 'इतर चिन्हां'त आहे. मुलीला तिथे बघायला सांगा. पुढे मी 'चोर'मधल्या जातीला च़, ज़ असं टिंब देऊन लिहितो. छापील मराठीत ते टिंब येत नाही, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

सांगलीतल्या एका वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी एका मुलीला भर सभेत थांबवून 'ज़त नव्हे, जत म्हण' असं सांगितलेलं मी ऐकलं. ती ज़त म्हणत होती, आपल्या गावाचं नाव गावात म्हणतात तसं, आणि ते तिला हिंदी 'जनता'तला ज शिकवत होते. शुद्ध म्हणून! बातम्या वाचणारेही आता 'चांगलं', 'माझं', 'चूल' सगळं हिंदी च-ज नं म्हणतात. मराठीत हे दोन वेगळे ध्वनी आहेत. 'दोनशे वर्षं जग' मधला जगण्याचा ज़ आणि 'सारं जग' मधला ज ऐकून पाहा. लिहिताना एक, बोलताना दोन.

आणि 'दंततालव्य' हा शब्द शाळेच्या व्याकरणांनी का लाडावून ठेवला आहे ते मला समजत नाही. दात आणि टाळू या दोन्ही ठिकाणी जीभ लागते असं त्यातून वाटतं, आणि मुलं तसंच पाठ करतात. च़ म्हणताना टाळूचा काही संबंध येत नाही. जीभ टेकते ती वरच्या दातांच्या मुळाशी. दंतमूलीय म्हणा, वर्त्स्य म्हणा, पण दंततालव्य म्हणून एका ध्वनीला दोन घरं देऊ नका.

कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही, घरी करून बघता येतं. कोळशाची पूड खाद्यतेलात कालवून पेस्ट करतात आणि ती जिभेच्या टोकाला व पुढच्या भागाला लावतात. औषधाच्या दुकानात मिळणारी खाण्याजोगी कोळशाची पूडच घ्या. मग एकच शब्द एकदाच म्हणायचा आणि लगेच छोटा आरसा तोंडात धरून टाळू बघायची. जिथे काळं लागलं तिथे जीभ टेकली. शब्द निवडताना मात्र जपा. त, न, ल, र यांपैकी काही आलं तर तेही डाग सोडतात आणि काहीच कळत नाही. 'चोप' आणि 'चेप' ही जोडी मला सगळ्यात बरी वाटते, कारण उरलेला प ओठांचा आहे, जिभेला काम नाही. दोन शब्दांच्या मध्ये तोंड धुऊन घ्या. 'चोप'चा डाग दातांच्या मागे लगेच, अरुंद. 'चेप'चा त्याच्या मागे, दातांमागच्या उंचवट्यापलीकडे, रुंद पसरलेला. पेस्ट नको असेल तर च़ म्हणायच्या तयारीत जीभ टेकवून थांबा आणि तोंडाने श्वास आत ओढा. जिथे गार लागतं त्याच्या आसपास अडवणूक आहे. ही युक्ती ढोबळ आहे, पण दोन च मधला फरक जाणवण्याइतकी पुरते.

'चोप' आणि 'चेप' यांतूनच नियमही दिसतो. पुढे इ, ए किंवा य आला की तालव्य, नाहीतर दंतमूलीय. म्हणून आपण मिरज़ म्हणतो पण 'मिरजेला' म्हणताना ज बदलतो. उंच़ पण उंची, माझ़ा पण माझी. 'काचेचा' या एका शब्दात दोन्ही येतात, आधी तालव्य, मग दंतमूलीय. 'चार' या नियमात बसत नाही असं वाटतं, पण जुन्या मराठीत तो 'च्यारि' आहे. य गेला, त्याची खूण राहिली. संस्कृतातून तसेच उचललेले चंद्र, जय, जग हे शब्द आपला तालव्य सांभाळून आहेत.

हा ज़ फारसीतून आला असं छातीठोक सांगणारे विद्वान मला वारंवार भेटतात. फारसीत ज़ आहे, पण च़ कुठे आहे? झ़ कुठे आहे? 'झाड' काय इराणातून आलं? शिवाय फारसीतून आलेले दोन शब्द घ्या. जमीन आणि जिल्हा. तिकडे दोन्हींत एकच ज़. इकडे आल्यावर ज़मीन तशीच राहिली, आणि जिल्ह्यात पुढे इ असल्यानं ज तालव्य झाला. म्हणजे पाहुण्याला घरचा नियम लागला, पाहुण्यानं नियम आणला नाही. तेलुगूत असाच भेद आहे हे खरं, आणि तिथून तुलना करणाऱ्यांशी मी बोलायला तयार आहे. फारसीवाल्यांशी नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. च़ आहे, ज़ आहे, झ़ आहे. मग छ़ कुठे आहे? ts ला महाप्राणाचा छोटा h लावून पाहा. ते घर मराठीत रिकामं आहे. सगळे छ तालव्य. चार भावांतला एक नाहीसा व्हावा तसं हे आहे, आणि तो कुठे गेला हे हिंदी शेजारी ठेवलं की दिसतं. हिंदी छुरी, मराठी सुरी. छाया आणि सावली. छह आणि सहा. कछुआ आणि कासव. पूछना आणि पुसणे. बछड़ा आणि वासरू, ज्याच्या मागे वत्स आणि प्राकृतातला वच्छ उभा आहे. सगळीकडे छ च्या जागी स! पण छींक बघा : मराठी शिंक. इथे श. का? कारण पुढे इ आहे. सुरी, सावली, कासव यांत पुढे उ किंवा अ-आ आहे. म्हणजे छ चेही च सारखेच दोन भाग झाले होते, एक पुढचा, एक मागचा, आणि मग दोघांचीही अडवणूक सुटली.

तक्त्यावर बोट ठेवून हे करून बघा. बोट ts वर, म्हणजे t आणि s वर. वरचा t काढून टाका. उरला s. त्याच रकान्यात खाली आलात, डावी-उजवी बाजू सुटली नाही. तालव्य छ चा वरचा भाग काढा, उरला श. स्थान जसंच्या तसं, फक्त प्रयत्न बदलला. शिंक आणि सुरी या दोन शब्दांत शेकडो वर्षांपूर्वीची जिभेची जागा आजही जपलेली आहे. घर्षकच का उरला याचं माझं मत असं : महाप्राणात हवेचा लोट मोठा, घासणं लांबतं, अडवणूक नावापुरती राहते, आणि पुढच्या पिढीला ती ऐकूच येत नाही. झ़ मात्र टिकला, कारण त्यातला प्राण घोष आहे, त्यात हवेचा तसा लोट नाही. छत्र, छंद, इच्छा हे संस्कृतातून, छावणी, छापा हे उत्तरेतून पुढे आले, म्हणून त्यांचा छ शाबूत आहे. त्यांचा दाखला देऊन हा नियम मोडत नाही.

असमियात तर च आणि छ दोन्ही स झाले. सहाला ते 'सय' म्हणतात आणि लिहितात मात्र छ नं. आणि आपल्याकडे रिकामं असलेलं ts-h चं घर काश्मिरीत आजही नांदतं आहे. तिथे च़ही आहे, छ़ही. काश्मिरीत 'च़ोर' म्हणजे चार.