शूलेस सूत्रानं शेताचं क्षेत्र निम्मंच का येतंय?

प्रश्न: आमच्या शेताचे पाच कोपरे रोव्हरनं घेतलेत. शूलेस सूत्र एक्सेलमध्ये टाकलं तर २३.७६ आर येतंय आणि सातबाऱ्यावर ०.४४ हेक्टर आहे. सूत्र दोनदा तपासलं, बरोबर आहे. मग वीस आर जमीन गेली कुठे? आकडे मीटरमध्ये आहेत (पूर्वेच्या आकड्यातून ३८०००० आणि उत्तरेच्या आकड्यातून २०५०००० वजा केलेत):

```
1   12    8
2   74    3
3   58   71
4   96   48
5    9   55
```

उत्तर:

जमीन जागेवरच आहे. तुमच्या यादीत ३ आणि ४ नंबरच्या कोपऱ्यांची अदलाबदल झाली आहे. १-२-४-३-५ अशा क्रमानं घ्या, ४३.५२ आर येईल.

तुमचं सूत्र बरोबर आहे, एक्सेलही बरोबर आहे. चूक आहे ती सूत्राला सांगितलेल्या वाटेत. शूलेस सूत्राला तुमचं शेत माहीत नसतं. तुम्ही ज्या क्रमानं कोपरे देता, त्याच क्रमानं ते बांधावरून चालत जातं. क्रम चुकला तर ते निमूटपणे शेतातून तिरकं जातं, आणि जे उत्तर येतं ते त्या तिरक्या वाटेचं असतं. एरर कुठेच दिसत नाही, म्हणून माणूस सूत्रावर संशय घेत बसतो.

दोन्ही हिशेब शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रत्येक बाजूसाठी या कोपऱ्याचा x गुणिले पुढच्याचा y, त्यातून पुढच्याचा x गुणिले या कोपऱ्याचा y वजा. आधी तुमचा क्रम:

```
1-2   12*3  - 74*8  =  -556
2-3   74*71 - 58*3  =  5080
3-4   58*48 - 96*71 = -4032
4-5   96*55 - 9*48  =  4848
5-1   9*8   - 12*55 =  -588
बेरीज 4752, निम्मे 2376 चौ.मी.
```

आता खरा क्रम:

```
1-2   12*3  - 74*8  =  -556
2-4   74*48 - 96*3  =  3264
4-3   96*71 - 58*48 =  4032
3-5   58*55 - 9*71  =  2551
5-1   9*8   - 12*55 =  -588
बेरीज 8703, निम्मे 4351.5 चौ.मी.
```

४०३२ या आकड्याकडे बघा. दोन्हीकडे तोच आहे, फक्त चिन्ह उलटलंय. तो ३ आणि ४ मधला बांध आहे. खऱ्या फेरीत आपण त्यावरून ४ कडून ३ कडे जातो, तुमच्या फेरीत उलटे चाललोय. या सूत्रात प्रत्येक ओळ म्हणजे शून्यबिंदू आणि त्या बाजूची दोन टोकं यांच्या त्रिकोणाचं दुप्पट क्षेत्र असतं. शून्यबिंदूभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं वळलात तर अधिक, घड्याळाच्या दिशेनं वळलात तर उणे. म्हणून उणे ओळ दिसली की चूक झाली असं समजू नका. -५५६ आणि -५८८ या ओळी बरोबर हिशेबातही आहेतच, त्या शून्यबिंदू आणि शेत यांच्यामधली मोकळी जागा वजा करतात. शेवटची बेरीज उणे आली तरी घाबरायचं नाही. फेरी घड्याळाच्या दिशेनं झाली एवढाच त्याचा अर्थ, चिन्ह सोडून आकडा घ्यायचा.

कागदावर तुमच्या क्रमानं रेघा ओढल्या तर २-३ आणि ४-५ या रेघा एकमेकींना छेदतात आणि आकृतीचा डमरू होतो. डमरूचा एक भाग उलटा फिरलेला असतो, म्हणून तो मिळवला न जाता वजा होतो. नेमकी किती जमीन हरवली तेही सांगता येतं: शेजारच्या दोन कोपऱ्यांची अदलाबदल झाली तर त्या दोघांना लागून असलेले दोन त्रिकोण जातात. इथे २-४-३ हा त्रिकोण ११०८ चौरस मीटरचा आणि ४-३-५ हा ८६७.५ चा. मिळून १९७५.५, म्हणजे तुमचे हरवलेले वीस आर.

डमरूचा सगळ्यात बोलका नमुना म्हणजे ३० बाय ४० फुटांचा साधा प्लॉट. आपण वाचतो तसे कोपरे लिहिले, आधी खालची ओळ डावीकडून उजवीकडे आणि मग वरची ओळही डावीकडून उजवीकडे, तर क्षेत्रफळ चक्क शून्य येतं. डमरूचे दोन्ही भाग सारखे असतात आणि एकमेकांना खाऊन टाकतात. शून्य आलं की निदान चूक लगेच कळते. तुमच्यासारखं निम्मं आलं की माणूस तलाठ्याला आणि शेजाऱ्याला दोष द्यायला लागतो!

ही अदलाबदल होते कशी, ते मी माझ्याच हातून करून बसलोय. रोव्हर बिंदूंना नंबर देतो ते घेतलेल्या क्रमानं, बांधाच्या क्रमानं नाही. उसाच्या फडामागचा एक कोपरा पटकन सापडला नाही म्हणून मी पुढचा घेतला आणि परत येताना राहिलेला घेतला. घरी येऊन यादी तशीच एक्सेलमध्ये चिकटवली आणि मालकाला फोनवर आकडा सांगून मोकळा झालो. पुढची पंधरा मिनिटं काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून फिल्ड बुकात आधी हातानं कच्चा नकाशा काढतो आणि त्यावर बिंदूंचे नंबर टाकतो. तुमच्याकडे तसा नकाशा असेल तर तोच शेवटचा पुरावा, बाकीच्या युक्त्या नंतर.

नकाशा नसेल तर बाजूंच्या लांब्या काढा. तुमच्या क्रमानं २-३ ही बाजू ६९.८६ मीटर आणि ४-५ ही ८७.२८ मीटर येते, एकूण घेर ३१०.७९. खऱ्या क्रमानं त्या जागी २-४ ही ५०.०९ आणि ३-५ ही ५१.५५ येते, घेर २५५.२९. क्षेत्र घटलं आणि घेर वाढला, असं एकत्र झालं की बहुधा रेघांची कातर झालेली असते. शिवाय ८७ मीटरचा बांध तुमच्या शेताला आहे की नाही, हे तुम्ही टेप न लावताही सांगाल.

एक गैरसमज मात्र काढून टाका. चुकीच्या क्रमानं क्षेत्र नेहमी कमीच येतं असं नाही. शेत फुगीर असेल, म्हणजे एकही कोपरा आत शिरलेला नसेल, आणि फक्त दोन शेजारचे कोपरे बदलले असतील, तर कमीच येतं. पण सात सारख्या बाजूंच्या आकृतीचे कोपरे एकाआड एक घेतले, १-३-५-७-२-४-६ असे, तर फेरी मधल्या जागेला दोनदा वळसा घालते. ती जागा दोनदा मोजली जाते आणि उत्तर खऱ्याच्या जवळजवळ सव्वापट येतं.

आता खरी फसगत कुठे होते ते सांगतो. कोणीतरी तुम्हाला सुचवेल की मध्यबिंदू काढा, त्याच्याभोवतीच्या कोनानुसार कोपरे आपोआप लावून घ्या, क्रमाची कटकटच नको. तुमच्या फुगीर शेताला ते चालेल. पण एल आकाराचा प्लॉट घ्या:

```
0,0   40,0   40,20   15,20   15,60   0,60
```

याचं खरं क्षेत्र १४०० चौरस मीटर आहे. सहा कोपऱ्यांची सरासरी काढून कोनानुसार लावलं की (15,20) हा आतला कोपरा उडी मारून (0,0) आणि (40,0) यांच्या मध्ये जाऊन बसतो. उत्तर येतं १५००. इथे रेघा कुठेच छेदत नाहीत, आकृती नीटनेटकी दिसते, आकडाही पटण्यासारखा, आणि शंभर चौरस मीटर फुकटचे वाढलेले. आत शिरलेला कोपरा असला की त्याच बिंदूंमधून एकाहून जास्त सरळ, न छेदणाऱ्या आकृत्या निघतात. त्यातली खरी कोणती, हे कोणतंही सूत्र सांगू शकत नाही. तिथे बांधावर जाऊन आलेला माणूसच लागतो.

एक्सेलसाठी x हे B2 ते B6 मध्ये आणि y हे C2 ते C6 मध्ये ठेवा, पहिला कोपरा सातव्या ओळीत पुन्हा लिहा आणि हे टाका:

```
=ABS(SUMPRODUCT(B2:B6,C3:C7)-SUMPRODUCT(B3:B7,C2:C6))/2
```

सातवी ओळ विसरलात तर एक्सेल रिकाम्या घरांना शून्य धरतं, फेरी बंद होत नाही आणि तुमच्या बरोबर क्रमालाही ४६४५.५ चौरस मीटर येतात. हे पकडायला सोपी चाचणी आहे: सगळ्या x मध्ये शंभर मिळवा. शेत शंभर मीटर सरकलं म्हणून क्षेत्र बदलत नाही. उत्तर बदललं तर फेरी उघडी आहे. क्रमाची चूक मात्र या चाचणीत पकडली जात नाही, कारण डमरूही सरकवला तरी तेवढाच राहतो.

तुम्ही मोठे आकडे आधीच वजा केलेत ते चांगलं केलंत. तसं न करता हिशेब मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केला तर गुणाकार बारा आकडी होतात आणि शेवटचे आकडे गळाले की चौरस मीटरच गळतात. अक्षांश-रेखांश अंशांमध्ये असतील तर ते थेट या सूत्रात घालू नका, आधी मीटरमध्ये आणा.

राहिला ४३.५२ आणि ४४ आर यांच्यातला फरक. तो ४८.५ चौरस मीटरचा, म्हणजे अर्धा गुंठाही नाही. २५५ मीटरच्या घेरावर तुमच्या खुणा सरासरी वीसेक सेंटिमीटर, वीतभरच म्हणा, आत धरल्या गेल्या असतील तर तेवढ्यानंच हा फरक पडतो. रोव्हरची काठी बांधाच्या मधोमध टेकवली होती की आतल्या कडेला, ते एकदा मोजणाऱ्याला विचारा.