१९०५ चा रशिया : बंड, उठाव, क्रांती की राज्यक्रांती?

प्रश्न : "१९०५ साली रशियात जे झालं त्याला काही पुस्तकांत 'क्रांती' म्हटलंय, काहींत 'उठाव'. झार तर गादीवरच राहिला. मग फसलेल्या प्रकाराला क्रांती म्हणता येतं का? आणि त्याच झारची सत्ता १९१७ मध्ये आठ दिवसांत कशी काय गेली?"

उत्तर : म्हणता येतं, आणि म्हणावंच. बंड म्हणजे एखाद्या पलटणीनं, जहाजानं, सरदारानं हुकूम झुगारणं. उठाव त्याहून मोठा असतो, पण तो एखाद्या शहरात किंवा मुलखात होतो आणि त्यात बहुधा हत्यार उचललेलं असतं. क्रांती म्हणायला सगळ्या व्यवस्थेचीच घडी विस्कटावी लागते. आणि मराठीत राज्यक्रांती असा एक नेमका शब्द आहे, त्यात जुनं राज्य उलथणं गृहीतच आहे. १९०५ मध्ये 'पोटेमकिन' या युद्धनौकेवर बंड झालं, डिसेंबरात मॉस्कोत उठाव झाला आणि वर्षभर देशात क्रांती चालली. राज्यक्रांती मात्र झाली नाही. तुमच्या पुस्तकांपैकी कुणी चुकलेलं नाही, एकेकानं एकेका प्रसंगावर बोट ठेवलंय.

हा फरक चार्ल्स टिली या समाजशास्त्रज्ञानं फार स्वच्छ मांडला. क्रांतीची परिस्थिती वेगळी आणि क्रांतीचं फलित वेगळं, असं तो म्हणतो. एकाच देशात दोन सत्ता उभ्या राहिल्या, लोकांचा मोठा भाग दुसरीचं ऐकू लागला आणि पहिलीला ते थांबवता येईना, की परिस्थिती तयार झाली. त्यातून खरोखर सत्तांतर होईलच असं नाही. ऑक्टोबर १९०५ मध्ये पीटर्सबर्गमध्ये नेमकं हेच दिसतं. रेल्वे बंद, कारखाने बंद आणि कामगारांनी निवडलेली 'सोव्हिएत' म्हणजे प्रतिनिधींची पंचायत शहरात हुकूम सोडते आहे. तिनं ठरवलं की जी वर्तमानपत्रं सरकारी सेन्सॉरकडे मजकूर पाठवतील ती छापायचीच नाहीत, आणि छापखान्यातल्या कामगारांनी ते पाळलं. सेन्सॉर कचेरीत बसून होता, कायदाही जागेवर होता, पण शहरात काय छापलं जाईल हे दुसरंच कुणी ठरवत होतं. सुमारे पन्नास दिवस हे चाललं. ३ डिसेंबरला सोव्हिएतच्या सभासदांना अटक झाली. (रशियातल्या सगळ्या तारखा तेव्हाच्या रशियन पंचांगानुसार दिल्यात. आपल्या तारखेसाठी तेरा दिवस मिळवावेत.)

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं ते असं, की १९१७ मध्ये लोक जास्त पिचलेले होते, म्हणून त्यांना यश आलं. याला सिद्धांताचं रूपही मिळालंय. जेम्स डेव्हिस आणि टेड गर यांनी १९६० ते ७० च्या सुमारास मांडलं की लोक नुसत्या गरिबीनं उठत नाहीत. अपेक्षा आणि हाती येणारं यांतलं अंतर एकदम वाढलं की ते उठतात. लोक का उठतात हे यातून बरंचसं कळतं. ते जिंकतात का, हे मात्र कळत नाही. १९०५ च्या शरदात रशियाच्या खेड्यांत जमीनदारांचे वाडे जळत होते, संप राजधानीपुरता नव्हता, सरहद्दीवरचे प्रांतही पेटलेले होते. उलट फेब्रुवारी १९१७ मध्ये खेडी बहुतांशी शांत होती आणि जे घडलं ते मुख्यतः एका शहरात घडलं. असंतोष पसरलेला असताना राज्य टिकलं आणि एका शहरानं ते पाडलं. म्हणजे कारण असंतोषाच्या मापात नाही, ते राज्याच्या बाजूला शोधायला हवं.

थीडा स्कॉचपोल यांनी १९७९ मध्ये तेच केलं. फ्रान्स, रशिया आणि चीन यांची तुलना करून त्यांनी मांडलं की क्रांतिकारक राज्य पाडतात त्याआधी राज्य आतून मोडायला लागलेलं असतं. बलाढ्य परकी शत्रूंशी झगडताना तिजोरी आणि सैन्य यांवर असह्य ताण येतो आणि सक्तीची यंत्रणाच ढिली पडते. १९०५ या चौकटीत चपखल बसतं. जपानशी युद्ध हरलं खरं, पण ते दूर मांचुरियात होतं. ऑगस्टअखेर तह झाला आणि बहुतेक सैन्य शाबूत राहून परत येऊ लागलं. पुढच्या एप्रिलमध्ये, मुख्यतः फ्रान्सकडून, सव्वादोन अब्ज फ्रँकचं कर्ज मिळालं आणि तिजोरी सावरली. दरम्यान १७ ऑक्टोबरला झारनं जाहीरनामा काढून नागरी हक्क आणि निवडून आलेली दूमा म्हणजे संसद देण्याचं वचन दिलं. एवढ्यावर समाधान मानणारे मवाळ बाजूला झाले, कामगार एकटे पडले.

मॉस्कोचा डिसेंबर जवळून पाहिला की हे सगळं एका ठिकाणी दिसतं. तिथल्या शिबंदीवर सरकारचाच भरवसा नव्हता. महिन्याच्या सुरुवातीला एका पलटणीनं अधिकाऱ्यांचं ऐकायचं नाकारलंही होतं. बंडखोरांना पहिले काही दिवस रस्ते मिळाले, अडथळे उभे राहिले. पण पीटर्सबर्ग ते मॉस्को हा रेल्वेमार्ग संपकऱ्यांना बंद पाडता आला नाही. त्याच मार्गानं राजधानीतून सेम्योनोव्स्की ही राजरक्षकांची पलटण आली, प्रेस्न्या या कामगार वस्तीवर तोफा चालल्या आणि हजाराच्या आसपास माणसं मेली. एक विश्वासू पलटण आणि तिला आणणारा एक चालू रेल्वेमार्ग, एवढ्यावर तो उठाव बुडाला.

१९१७ मध्ये नेमकी हीच दोन साधनं झारच्या हातून निसटली. २३ फेब्रुवारीला, जागतिक महिला दिनी, पेट्रोग्राडच्या, म्हणजे नाव बदललेल्या पीटर्सबर्गच्याच, व्हिबोर्ग भागातल्या कापडगिरण्यांच्या बायका पावासाठी रस्त्यावर आल्या. दोन दिवसांत संप शहरभर झाला. झार मोगिल्योवच्या लष्करी मुख्यालयात होता. तिथून त्यानं दंगा उद्याच्या उद्या मोडा अशी तार केली. २६ तारखेला, रविवारी, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली, आणि संध्याकाळी वरवर पाहता सरकार जिंकल्यासारखंच वाटत होतं. ज्यांनी झाडल्या त्यांत व्होलिन्स्की पलटणीची शिकाऊ तुकडी होती. रात्री बराकीत तिमोफेय किरपिच्निकोव या हवालदारानं आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं की उद्या बाहेर पडायचं नाही. सकाळी त्यांचा कप्तान आला, तुकडीनं हुकूम नाकारला, तो आवारातून परत जात असताना गोळी लागून मेला. आता माघारी फिरायची सोयच उरली नव्हती. ती तुकडी शेजारच्या बराकींत गेली, आणि दिवस मावळेपर्यंत राजधानीची शिबंदी सरकारच्या हातात नव्हती.

ही शिबंदी कुणाची होती हे इथे महत्त्वाचं. पलटणींची नावं तीच, जुनी राजरक्षकांची. पण ते जुने रक्षक पहिल्या महायुद्धात आघाडीवर खपले होते. पेट्रोग्राडच्या गर्दीनं भरलेल्या बराकींत दीड लाखाहून जास्त माणसं होती, त्यांतले बहुतेक नव्यानं भरती झालेले किंवा जखमांतून उठलेले, आघाडीवर जायची धास्ती घेतलेले. बाहेरून फौज आणायचा प्रयत्न झाला, जनरल इवानोव निघालेही. पण रेल्वेच्या तारायंत्रावर आता दूमाच्या माणसांचा ताबा होता. इवानोव राजधानीपर्यंत पोचले नाहीत. खुद्द झारची गाडीही वळवावी लागली आणि ती प्स्कोवला जाऊन थांबली.

तिथे २ मार्चला जे झालं त्यानं जॅक गोल्डस्टोन यांच्या सिद्धांताचा अर्थ लागतो. राज्य कोसळायला रिकामी तिजोरी आणि चिडलेली जनता यांच्या जोडीला वरच्या वर्गातली फूटही लागते, असं ते म्हणतात. सेनापती अलेक्सेयेव यांनी आघाड्यांवरच्या प्रमुखांना तारेनं विचारलं, झारनं पायउतार व्हावं का? उत्तरं आली ती व्हावं अशीच. त्यांत झारचा चुलत चुलता, ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच, हाही होता. युद्ध चालू ठेवायचं तर झारला सोडलं पाहिजे, असा त्या सेनानींचा हिशेब होता. १९०५ मध्ये वरचा वर्ग घाबरून सिंहासनाभोवती गोळा झाला, १९१७ मध्ये तोच बाजूला सरला. त्याच रात्री झारनं सही केली.

सैन्य फुटलं की राज्य पडतं, असं मग थोडक्यात म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण १९०५ मध्येही सैन्य फुटलं होतं, आणि मला या सगळ्या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट तीच वाटते. ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यानंतर रशियात ठिकठिकाणी पलटणींनी बंड केलं. जॉन बुशनेल या इतिहासकारानं दाखवलं की त्यांतल्याच पलटणी काही आठवड्यांत परत हुकमात आल्या आणि लोकांवर गोळ्या झाडू लागल्या. मधल्या काळात सैनिकांचं राजकारण बदललं नव्हतं. बहुतेक शेतकऱ्यांची पोरं होती ती. जाहीरनामा ऐकून त्यांना वाटलं, जुनी सत्ता संपली, आता हुकूम कशाला पाळायचे? मॉस्को दडपल्यावर कळलं की ती संपलेली नाही, आणि हात पुन्हा बंदुकीकडे गेले. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे आणि राजधानीकडे बघून ठरवत होता.

याच जागी स्कॉचपोलची मांडणी अपुरी पडते. तिचं पुस्तक आलं त्याच वर्षी इराणचा शहा गेला. त्याचं सैन्य कुठलंही युद्ध हरलेलं नव्हतं, तिजोरीत तेलाचा पैसा होता. तरी ११ फेब्रुवारी १९७९ ला सेनापतींनी आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं आणि राजवट संपली. स्कॉचपोल यांनी तीनच वर्षांनी स्वतंत्र लेख लिहून इराणमध्ये धर्मसंस्थेचं जाळं आणि जाणीवपूर्वक केलेली चळवळ यांचा वाटा मान्य केला. तिमूर कुरान या अर्थतज्ज्ञानं पुढे वेगळी वाट काढली. दडपशाहीत लोक खरं मत लपवतात, त्यामुळे किती जण विरोधात आहेत हे राज्याला कळत नाही आणि विरोधकांनाही कळत नाही. थोडे जण उघड बोलले की पुढच्यांना धीर येतो आणि बघता बघता सगळा तोल जातो. २६ फेब्रुवारीच्या रात्री त्या बराकीत निजलेल्यांपैकी किती जण सकाळी सोबत येतील, हे किरपिच्निकोवला तरी कुठे ठाऊक होतं? म्हणूनच कुरानच्या मांडणीतून राजवट इतकी अचानक का पडते हे समजतं, पण कुठली आणि केव्हा पडेल हे आधी सांगता येत नाही. ताण कुठे साचलाय ते स्कॉचपोल आणि गोल्डस्टोन यांच्या चौकटीत शोधता येतं. फेब्रुवारीतला तो सोमवार मात्र त्या चौकटीत सापडत नाही.