सपाट सूर, वळणाचा सूर आणि तीन तिसऱ्यांची गाठ

प्रश्न : योरुबा आणि चिनी दोन्ही सुरांच्या भाषा, मग एकीचे सूर 'लेव्हल' आणि दुसरीचे 'कंटूर' का म्हणतात? आणि 'टोन संधी' म्हणजे आपल्या संधीसारखंच काही का? मधल्या पातळीच्या विद्यार्थ्यांना देता येईल असा एखादा सराव सांगाल का?

योरुबात उंच, मधला आणि खालचा असे तीन सूर आहेत. 'ऑकॉ' हा शब्द मधला-मधला म्हटला तर नवरा, मधला-उंच म्हटला तर कुदळ, मधला-खालचा म्हटला तर गाडी. इथे अर्थ ठरतो तो सूर कोणत्या पायरीवर आहे यावरून. अक्षर म्हणताना सूर कुठून कुठे सरकला, हे पाहावं लागत नाही. हा सपाट, म्हणजे 'लेव्हल' सूर. योरुबातही खालच्या सुरानंतर उंच सूर आला की कानाला चढ ऐकू येतो, पण तो शेजारामुळे आलेला असतो.

प्रमाण चिनीत (मँडरिनमध्ये) सूर सरकतो कसा, हेच महत्त्वाचं. भाषाशास्त्रज्ञ युएन रेन चाओ यांनी १९३० मध्ये सुचवलेल्या पाच पायऱ्यांच्या मापावर, जिथे ५ सर्वांत उंच, पहिला सूर ५-५, दुसरा ३-५, तिसरा २-१-४ आणि चौथा ५-१ असा लिहितात. पहिला सूर सपाटच आहे, हे लक्षात घ्या. भाषेला 'वळणाची', म्हणजे 'कंटूर', म्हणतात ती उरलेल्या तिघांमुळे.

त्यातला तिसरा मोठा फसवा. २-१-४ हे पूर्ण वळण तो एकटा किंवा शेवटी असतानाच दिसतं, तेही सावकाश बोलताना. पहिल्या, दुसऱ्या किंवा चौथ्या सुराआधी तो २-१ वर थांबतो. अक्षराला जोडलेला आकडा सुराचा क्रमांक धरला, तर 'लाओ३ श१' (शिक्षक) मधला 'लाओ' जवळजवळ सपाट आणि खालचा ऐकू येतो. पुस्तकात वळण पाठ केलेले विद्यार्थी प्रत्येक तिसरा सूर खाली नेऊन वर आणतात आणि वाक्य हेलकावे खात चालतं.

'संधी' हा शब्द भाषाशास्त्रात संस्कृत व्याकरणातूनच गेला आहे आणि कल्पना तीच : दोन घटक शेजारी आले की त्यांतला एखादा बदलतो. इथला नियम असा की तिसऱ्यापुढे तिसरा आला तर आधीचा दुसरा होतो. 'नी३ हाओ३' उच्चारात 'नी२ हाओ३' होतं. रोमन लिपीत मात्र खूण तिसऱ्याचीच राहते. बदल इतका पक्का, की 'माइ३ मा३' (घोडा विकत घे) आणि 'माइ२ मा३' (घोडा जमिनीत पूर) हे चिनी माणसालाही नुसत्या कानाने भरवशाने वेगळे सांगता येत नाहीत.

सरावासाठी दोनच तिसरे पुरेसे नाहीत, कारण ते कुणालाही जमतात. तीन द्या. 'जान३ लान३ ग्वान३' (प्रदर्शनगृह) आणि 'श्याओ३ लाओ३ हू३' (छोटा वाघ) ही जोडी फळ्यावर लिहा. मूळ सूर अगदी सारखे, उच्चार मात्र वेगळे. विद्यार्थ्यांना आधी अर्थाने एकत्र असलेल्या अक्षरांभोवती कंस घालायला सांगा, मग नियम आतल्या कंसापासून बाहेर लावायला.

पहिल्यात 'जान लान' म्हणजे प्रदर्शन. तो आतला कंस २-३ होतो; हे आकडे आता पायऱ्यांचे नाहीत, सुरांचे क्रमांक आहेत. आता 'लान' अजून तिसराच आहे आणि पुढे 'ग्वान' तिसरा, म्हणून 'लान'ही बदलतो : २-२-३. दुसऱ्यात आतला कंस 'लाओ हू', म्हणजे वाघ. तो २-३ झाला. बाहेरच्या 'श्याओ'पुढे आता दुसरा सूर आहे, म्हणजे नियमाला जागाच उरली नाही : ३-२-३, आणि तो पहिला ३ अर्धाच, खालचा. कंस न घालता डावीकडून सुरुवात करणारा विद्यार्थी इथेही २-२-३ लिहितो. त्या उत्तरावरूनच तो कुठे चुकला ते कळतं.

यानंतर पाच अक्षरं द्या : 'लाओ३ ली३ माइ३ हाओ३ ज्यो३' (म्हातारे ली चांगली दारू विकत घेतात). कंस [लाओ ली] [माइ [हाओ ज्यो]] असे पडतात. 'हाओ ज्यो' २-३ झालं, त्यामुळे 'माइ' बदलण्यापासून वाचला. 'लाओ ली'ही २-३ झालं, पण 'ली'पुढे तिसराच राहिलेला 'माइ' असल्याने 'ली' बदलला. उत्तर २-२-३-२-३. मात्र याच्याशी न जुळणारं प्रत्येक उत्तर चूक धरू नका. 'ली'नंतर क्षणभर थांबलं तर 'ली' तिसराच राहतो, आणि भरभर बोलताना शेवटचा सोडून सगळे दुसरे होतात. म्हणून गुण देताना नुसते आकडे न पाहता, विद्यार्थ्याला वाक्य म्हणायला लावा आणि तो कुठे थांबला ते ऐका.