पहिल्या प्रेमप्रसंगात गंध, आवाज आणि स्पर्श
तुमच्या प्रेमकथेच्या मसुद्यात नायक नायिकेजवळ येताच मोगरा, मखमली आवाज आणि थरथरता स्पर्श एकाच वाक्यात येतात. नवोदितांची ही नेहमीची चूक आहे. आधी दोघांमधील अंतर ठरवा. आवाज भिंतीपलीकडूनही पोहोचतो, गंधाला जवळीक लागते, स्पर्श शेवटी येतो. तुमचा नायक सोलापुरात चादरींच्या यंत्रमागावर काम करतो, त्यामुळे मागांच्या खडखडाटात त्याचे बोलणे ऐकण्यासाठी तिला जवळ वाकावेच लागेल आणि तेव्हाच त्याच्या सदऱ्याचा सुताचा व वंगणाचा वास तिला जाणवेल. नाक वासाला लवकर सरावते, म्हणून त्या प्रसंगात तो एकदाच लिहा. घरी गेल्यावर तिच्या पदराला तोच वास आला, तर ओढ वाचकाला आपोआप कळेल. ‘मादक’, ‘धुंद’ ही विशेषणे मात्र कटाक्षाने टाळा. स्पर्शासाठी चादरीची घडी घालताना बोटे भिडणे तूर्त पुरेसे आहे.